दोन पायऱ्या आणि अकरा बाटल्या



मंडळाच्या मागच्या बैठकीत एकीनं एक गोष्ट सांगितली. आजी रोज दोनच गोष्टी करते, बेसनानं तोंड धुते आणि वर सायीचा हात फिरवते. नातीच्या कपाटात सीरमच्या बाटल्यांची रांग. नातीच्या चेहऱ्यावर पुरळ येतं, आजी बेसन लावते, आठ दिवसांत चेहरा उजळतो आणि नात सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी मात्र वाजवल्या नाहीत. ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे, आणि ती अशी घडलेली नाही.

माझ्याही दोनच पायऱ्या होत्या. सकाळी चिमूटभर मसुराच्या पिठानं तोंड धुवायचं आणि चेहरा ओला असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळायचे. सासूबाईंनी शिकवलेलं. आपल्या बीडकडची कोरडी हवा आणि बोअरचं जड पाणी, तोंड धुतलं की कातडी ताणल्यासारखी होते. ओल्यावर तेल लावलं की पाणी आत राहतं. त्या दोन थेंबांवर माझी चाळीसेक वर्षं निघाली.

नात पुण्याला शिकते. एप्रिलमध्ये घरी आली तेव्हा गाल लाल, कपाळावर बारीक पुरळ, नाकाच्या बाजूला सालपटं. नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. मी त्या गोष्टीतल्या आजीनं केलं तेच केलं. मसुराचं पीठ कालवलं आणि तिच्या चेहऱ्याला लावलं. पोरगी ओरडली. सोललेल्या कातडीवर पिठाचे कण घासले गेले होते. दुसऱ्या दिवशी गाल आणखी सुजले. हा भाग टाळ्यांच्या गोष्टीत नव्हता.

मी बी.कॉम. आहे, नोकरी केली नाही पण जमाखर्चाची सवय गेली नाही. तिला समोर बसवलं, वही उघडली आणि अकरा बाटल्या मांडल्या. नाव, काम, किंमत, कधी घेतली, कधी लावते. बिलं तिच्या मोबाईलमध्ये होतीच. बेरीज सहा हजारांच्या वर गेली, पण मला धक्का बसला तो ‘काम’ या रकान्यानं. सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश दोन वेळा, ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर रोज रात्री, आणि आठवड्यातून दोनदा आणखी एक ॲसिडचं सीरम. तिघांचंही काम वरचा मेलेला थर काढायचं. एकच खर्च तीन खात्यांवर टाकलेला. त्यावर रोज रात्री रेटिनॉल, त्यानंही सुरुवातीला कातडी सोलते. व्हिटॅमिन सीची बाटली तपकिरी झालेली होती. ते सीरम हवा लागून खराब झालं की रंग बदलतो, हेही तिला माहीत नव्हतं, रोज लावत होती. आणि एका कोरियन बाटलीवर बारीक अक्षरात ‘स्नेल सिक्रीशन’ लिहिलेलं. गोगलगायीचा चिकट स्राव! ती बाटली तिनं स्वतःच बाजूला ठेवली, मला बोलावं लागलं नाही.

मग आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंतीचं उदाहरण दिलं. वरच्या थरातल्या पेशी म्हणजे विटा, त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. ॲसिडं हा चुना सैल करतात. थोडा सैल झाला तर शरीर पुन्हा भरून काढतं. रोज तीन बाजूंनी ओरबाडलं तर भरायला सवडच मिळत नाही. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे लागेल ते आत शिरून झोंबतं. ओळखायची खूण सोपी आहे. जी साधी क्रीम कधी झोंबत नव्हती तीच झोंबायला लागली, की समजायचं भिंत पडली. आपल्या मुली नेमकं उलटं समजतात. चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय, असं माझी नात म्हणत होती, आणि म्हणून आणखी लावत होती.

डॉक्टरांनी चार आठवडे सगळं बंद केलं. रात्री सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, सकाळी नुसतं पाणी. चेहरा ओलसर असतानाच साधी, बिनवासाची क्रीम. दिवसा सनस्क्रीन. मी विचारलं, “आणि माझं पीठ, तेल?” ते हसले. पीठ सुजलेल्या कातडीवर नको, आणि पुरळ येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेल छिद्रं बुजवू शकतं. म्हणजे माझ्या दोन्ही पायऱ्या बाद! पण नीट बघा, क्रम तोच राहिला. हळू धुवा, ओल्यावर झाका. चूक पायऱ्यांच्या संख्येत नव्हती, माझ्या कातडीचं औषध तिच्या कातडीवर लादण्यात होती.

उठताना डॉक्टरांनी माझ्या गालांकडे पाहिलं. दोन्ही गालांवर वांग आहेत, कित्येक वर्षांपासून. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळवण्यात उन्हाळे गेले. डोक्यावर पदर होता, पण गाल उघडे. तेलानं ऊन अडत नाही. माझ्या दोन पायऱ्यांत ही तिसरी नव्हती, आणि नातीच्या शेल्फवर ती बाटली होती. आता मीही लावते. दोन बोटांवर लांब रेघ ओढायची, तेवढी चेहरा आणि मानेला लागते. नखाएवढी लावून उपयोग नाही.

दहा दिवसांत तिची चुरचुर थांबली. तिसऱ्या आठवड्यात लाली उतरली. पुरळ पूर्ण गेलं नाही, आणि आठ दिवसांत चेहरा बिलकूल उजळला नाही. पुढे डॉक्टरांनी एकच गोष्ट परत सुरू केली, रेटिनॉल, वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्री. एका वेळी एकच, म्हणजे काही बिघडलं तर कोणामुळे ते कळतं. बाटल्या कचऱ्यात गेल्या खऱ्या, पण सगळ्या नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वहीत ‘कधी घेतली’ हा रकाना होता. पहिली बाटली डिसेंबरमध्ये, तिच्या आत्येबहिणीच्या लग्नानंतर सहाच दिवसांनी. बाकीच्या दहा पुढच्या चार महिन्यांत. मी विचारलं, “एकदम एवढं काय सुचलं गं?” ती म्हणाली, “आजी, हॉलमध्ये तूच म्हणाली होतीस ना, गालावरचे डाग घालव, पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत.” मला आठवतही नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता.

मुरुमांनंतरचे काळपट डाग ऊन टाळलं तर बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. थांबायचं होतं फक्त. पण आपण थांबू कुठे देतो? लग्नात, पूजेत, अगदी प्रवचनाच्या मांडवातसुद्धा आपण मुलींच्या हनुवट्या धरून उजेडाकडे वळवतो. “उन्हात काळी पडलीस गं.” “तोंडावर काय झालंय हे?” बायोडेटात ‘वर्ण’ विचारतो आणि गव्हाळ मुलीला ‘गोरी’ लिहितो. एवढं करून त्या बाटल्या विकत घेतात तेव्हा त्यांनाच उधळ्या ठरवतो, वर बेसनाची गोष्ट सांगून टाळ्या घेतो. सीरम विकणारे चलाख आहेतच, पण त्यांचं गिऱ्हाईक आपण घरात तयार करून देतो.

तेव्हा ती गोष्ट पुन्हा सांगायची असेल तर पूर्ण सांगा. त्यात पीठ लावल्यावर नात ओरडली तेही येऊ द्या, आणि आजी हॉलमध्ये काय म्हणाली तेही.

परवा वधू-वर मेळाव्याचा फॉर्म आला. मुलानं सगळा भरला आणि ‘वर्ण’ या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोरा ठेव. तो म्हणाला, अपूर्ण फॉर्म परत पाठवतात. पाठवू देत. मी पुन्हा कोराच पाठवीन.