लघवीची जळजळ आणि ‘भारी’ गोळी

“डॉक्टर, जरा भारी गोळी द्या, म्हणजे लवकर बरं वाटेल.” हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. माझं स्पष्ट मत आहे की साध्या संसर्गात भारी गोळी ही बहुतेक वेळा चुकीची गोळी असते. एक उदाहरण सांगतो.

चौतीस वर्षांच्या एक ताई लघवीची जळजळ घेऊन आल्या. ताप नव्हता, पाठीत दुखत नव्हतं. वर्षभरात असा त्रास आधी दोनदा झाला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी मेडिकलमधून परस्पर सेफिक्सिम आणून घेतली होती. या वेळी मात्र तीन दिवस घेऊनही फरक पडला नाही. लघवीचं कल्चर केलं. त्यात ई. कोलाय हा जिवाणू वाढला. सेफिक्सिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन्हींना तो दाद देत नव्हता. नायट्रोफ्युरँटॉइन या जुन्या औषधाला मात्र देत होता. ते 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, पाच दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली.

हे असं का झालं? लघवीत संसर्ग करणारा ई. कोलाय बहुधा आपल्याच आतड्यातून आलेला असतो. सेफिक्सिमसारखं विस्तृत परिणामाचं औषध लघवीपुरतं थांबत नाही. ते आतड्यातले निरुपद्रवी जिवाणूही मारतं आणि न मरणाऱ्यांना मोकळी जागा करून देतं. हे उरलेले जिवाणू प्रतिकाराची जनुकं शेजारच्या जिवाणूंना देऊ शकतात. पुढे शौचालय, न धुतलेले हात, दूषित पाणी यांमार्फत ते घरातल्या आणि वस्तीतल्या इतरांच्या आतड्यात पोहोचतात. म्हणजे गोळी तुम्ही घेता आणि औषध निकामी होतं शेजाऱ्याचं, ज्याने ती कधी घेतलीच नाही.

नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, पण रक्तात आणि इतर अवयवांत फारसं साठत नाही. त्यामुळे आतड्यातल्या जिवाणूंना त्याचा धक्का कमी बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ते पहिल्या पसंतीच्या गटात आहे. सेफिक्सिम आणि सिप्रोफ्लॉक्सासिन जपून वापरायच्या गटात आहेत.

पण याच गुणामुळे त्याला मर्यादाही आहे. थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे हे औषध पुरत नाही, विस्तृत औषधच लागतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तरीही ते टाळतात.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना “भारी द्या” म्हणू नका. “यातलं सगळ्यात नेमकं औषध कोणतं? आधी कल्चर करायचं का?” असं विचारा. आणि मागच्या वेळची उरलेली पट्टी स्वतःहून सुरू करू नका.