फ्लॅश सेलमध्ये पेटी एक, गिऱ्हाईक दोन!

हापूसच्या ५ डझनांच्या २०० पेट्या. सकाळी १० वाजता सवलतीत विक्री सुरू, आणि व्हॉट्सॲपवर लिंक आधीच फिरलेली. अशा वेळी छोट्या ऑनलाइन दुकानदाराला पहिला सल्ला मिळतो तो 'सर्व्हर मोठा घ्या' हा. माझ्या मते हे काम यादीत सगळ्यात शेवटचं. साइट दहा मिनिटं बंद पडली तर लोक चिडतात, पण २०० पेट्यांवर २३० जणांचे पैसे घेतले तर पुढचा आठवडा फोनवर माफी मागण्यात आणि रिफंड देण्यात जातो.

जास्तीची विक्री होते कशी? शेवटची एक पेटी उरली आहे. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं. साइटने दोघांसाठी साठा तपासला, दोन्ही वेळा उत्तर आलं 'एक शिल्लक'. मग दोघांचीही ऑर्डर घेतली. चूक एवढीच, की तपासणं आणि वजा करणं या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. साइट डेव्हलपरकडून खास बनवून घेतली असेल, तर त्याला विचारा की साठा असा एकाच आदेशात कमी होतो का:

```
UPDATE stock SET qty = qty - 1
WHERE sku = 'HAPUS-5DZ' AND qty >= 1;
```

या आदेशाने एक ओळ बदलली तर पेटी मिळाली, शून्य ओळी बदलल्या तर माल संपला. डेटाबेस एका ओळीवर एका वेळी एकालाच हात लावू देतो, म्हणून दुसरा आपोआप बाहेर राहतो.

वूकॉमर्सवर दुकान असेल तर `Hold stock` हे सेटिंग बघा. पैसे न भरलेल्या ऑर्डरसाठी माल किती मिनिटं अडवायचा, हे त्यात ठरतं. मूळ आकडा ६० मिनिटांचा असतो. एरवी तो ठीक आहे, पण फ्लॅश सेलमध्ये पैसे न भरणारे तासभर पेट्या अडवून बसतात आणि खरं गिऱ्हाईक 'संपला' वाचून निघून जातं. १० मिनिटं पुरेत.

आता गर्दी. समजा, सेकंदाला २० जण ऑर्डर द्यायला येतात. प्रत्येक ऑर्डरला सर्व्हरचे ३ सेकंद लागतात आणि तुमचं होस्टिंग एका वेळी २१ कामं पेलतं. म्हणजे सेकंदाला ७ जण मोकळे होतात आणि १३ तुंबतात. मिनिटाभरात ७८० जण खोळंबलेले! त्यातले निम्मे पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणार, म्हणजे भार आणखी वाढणार.

तुमच्या साइटचा हा ३ सेकंदांचा आकडा खरा किती, हे लोड टेस्टमधून कळतं. `k6` हे मोफत साधन हजारो खोटी गिऱ्हाइकं पाठवू शकतं. पण अनेक जण फक्त होमपेजवर मारा करतात आणि खूश होतात. होमपेज कॅशमधून येतं, ते पळणारच. चाचणीने पेटी कार्टमध्ये टाकून चेकआउटपर्यंत गेलं पाहिजे. ती साइटच्या प्रतीवर, पेमेंट गेटवे टेस्ट मोडमध्ये ठेवून आणि होस्टिंगवाल्याला आधी सांगून करा, नाहीतर तो हल्ला समजून तुमचं खातंच बंद करेल. गर्दी हळूहळू वाढवत न्या. वेळ कुठल्या आकड्यावर अचानक चढते, ते लिहून ठेवा. आणि शेवटी ऑर्डरी मोजा. २०० पेट्या ठेवल्या होत्या आणि २०१ ऑर्डरी दिसल्या, तर साइट कितीही वेगवान असो, चाचणी नापास.

सेकंदाला ७ झेपतात हे कळलं, की ५ जणांनाच आत सोडा. बाकीच्यांना साध्या, स्थिर प्रतीक्षा पानावर थांबवा. हे पान तुमच्या सर्व्हरवर न ठेवता सीडीएनवर ठेवा, म्हणजे त्याचा भार दुकानावर पडत नाही. रांगेतला क्रमांक दाखवा, तो रिफ्रेश केल्यावर बदलू देऊ नका. पेट्या संपल्या की रांग तिथेच थांबवून तसं स्पष्ट लिहा. 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणत लोकांना उगाच ताटकळत ठेवणं मला तरी फसवणूक वाटते.

एक भोक तरीही उरतं. यूपीआयचं पेमेंट कधी कधी लटकतं आणि १० मिनिटांची मुदत संपल्यावर यशस्वी होतं. तोवर ती पेटी दुसऱ्याला गेलेली असते. म्हणून २००पैकी १९०च विकायला काढा. उरलेल्या १० या उशिरा पैसे पोचलेल्यांसाठी. त्यातून काही उरल्याच, तर पॅकिंगच्या वेळी डागी निघालेल्या पेटीच्या बदल्यात त्या कामी येतात.