खोट्या मेसेजची लस वर्गात कशी टोचायची?



1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाईलवर फिरत होते. 'ही अफवा आहे' हे नंतर कितीही सांगितलं तरी त्या पाच जणांना त्याचा उपयोग नव्हता. म्हणून खुलासा आधी हवा. यालाच प्रीबंकिंग म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सांगतोच की मुलांना! 'मोबाईलवरचं सगळं खरं मानू नका.' मीही बरीच वर्षं हेच सांगत आले. पण माझं स्पष्ट मत असं झालंय की नुसत्या उपदेशाने फारसं काही होत नाही. हे मत एका जुन्या प्रयोगामुळे बनलं.

1961 मध्ये अमेरिकेत विल्यम मॅकग्वायर आणि पापागिऑर्गिस या मानसशास्त्रज्ञांनी अशा समजुती निवडल्या ज्यांवर कोणी कधी शंकाच घेत नाही. उदाहरणार्थ, जेवणानंतर दात घासावेत. अशा समजुतींवर विद्यार्थ्यांचा विश्वास 15 पैकी साडेबाराच्या आसपास होता. विरुद्ध बाजूचा लेख वाचायला दिला, तर तो साडेसहापर्यंत घसरला. मग काहींना आधी समजुतीच्या बाजूचे मुद्दे शिकवले, म्हणजे आपला उपदेशच. लेख वाचल्यावर तेही साडेसातच्या आतच राहिले. पण ज्यांना आधी विरुद्ध बाजूचे एक-दोन मुद्दे दाखवून ते कसे चुकीचे आहेत हे समजावलं होतं, ते दहाच्या वर टिकले. लशीत जसा अशक्त केलेला जंतू असतो, तसाच हा प्रकार. म्हणून याला इनॉक्युलेशन सिद्धान्त, म्हणजे लसीकरणाचा सिद्धान्त म्हणतात. आपल्यालाही कोणी फसवू शकतं ही जाणीव आणि त्याला उत्तर, दोन्ही मात्र एकत्र द्यावं लागतं.

अलीकडे केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच कल्पना पुढे नेली. प्रत्येक अफवेची वेगळी लस कुठून आणणार? त्यापेक्षा फसवण्याची युक्ती ओळखायला शिकवा. 2018 च्या त्यांच्या 'बॅड न्यूज' या खेळात खेळणाराच खोटी बातमी तयार करतो.

हे आपल्याला खडू-फळ्यावर करता येतं. पाचवीच्या पुढच्या वर्गासाठी सांगते.

आधी चाचणी. सहा छोटे मेसेज वाचून दाखवा, तीन खरे आणि तीन खोटे. 'साप दूध पितो' हे खोटं, तर 'ऑक्टोपसला तीन हृदयं असतात' हे खरं. खरं वाक्यही असं ऐकल्यावर चमकायला होईल असंच निवडा बरं का. प्रत्येकाला मुलं 1 ते 5 विश्वासगुण देतील.

मग लस. फळ्यावर लिहा, 'भेंडी खाल्ली की गणित येतं.' आपल्या घरोघरी ऐकलेलं निरुपद्रवी वाक्य. गटांना सांगा, हे लोकांना पटेल असा मेसेज बनवा. एक गट भीती घालेल, एक नाव नसलेल्या 'मोठ्या डॉक्टरां'ना आणेल, एक 'दहा जणांना लगेच पाठवा' अशी घाई करेल. मुलं यात भलतीच रंगतात! नंतर गट कागद बदलून घेतील, दुसऱ्याची युक्ती शोधतील आणि तिला काय प्रश्न विचारायचा ते लिहितील. 'डॉक्टरांचं नाव काय?' एवढासा प्रश्नही पुरतो. कागद मात्र वर्गातच ठेवा, त्याचा फोटो बाहेर जाऊ देऊ नका.

शेवटी नवे सहा मेसेज देऊन पुन्हा चाचणी. दुसरी तुकडी असेल तर तिला तेच मेसेज द्या, पण मध्ये लशीऐवजी फक्त उपदेश.

गुण मोजताना बहुतेक जण इथेच चुकतात. समजा, आधी खऱ्या मेसेजची सरासरी 4 आणि खोट्यांची साडेतीन होती. नंतर खोट्यांची 2 झाली म्हणून आपण खूश होतो, पण खऱ्यांचीही सव्वादोन झाली असेल तर? मग मुलं पारखायला शिकलीच नाहीत, सरसकट संशय घ्यायला शिकली. उद्या पुराचा खरा इशाराही ती खोटा म्हणतील. बघायचं असतं दोन सरासरींमधलं अंतर. ते अर्ध्या गुणावरून वाढलं तरच लस लागली म्हणायची. खरे 3.8 आणि खोटे 2.2, असं काहीसं.

आणखी एक गोष्ट. हा परिणाम काही आठवड्यांत ओसरू लागतो. भारतात व्हॉट्सअ‍ॅपच्या धर्तीवर बनवलेला असाच खेळ घेऊन चाचणी झाली, तेव्हा ठळक फरक दिसला नव्हता. त्यामुळे परदेशातलं यश जसंच्या तसं आपल्याकडे येईल, असं मी तरी धरून चालणार नाही. म्हणूनच तीन आठवड्यांनी तिसरी चाचणी घ्या, आणि अंतर कमी झालेलं दिसलं तर वेगळं वाक्य घेऊन पुन्हा एक तास द्या. भेंडीऐवजी यावेळी कारलं चालेल.