हजार पैजा, पाच टक्के आणि हातात उरणारे पैसे

क्रीडापैजांचा ‘अंदाज’ विकणारे पाच टक्के परताव्याचा दाखला देतात, तेव्हा ऐकणाऱ्याला बँकेतील ठेवीचे व्याज आठवते. येथेच गफलत होते. पैजांच्या व्यवहारात परतावा भांडवलावर नव्हे, तर लावलेल्या एकूण रकमेवर मोजला जातो.

ब्रिटनमधील एका लहान पैजकाराचे उदाहरण घेऊ. तेथे पैजा कायदेशीर आहेत आणि जिंकलेल्या रकमेवर पैजकाराला कर नाही. तो दर वेळी १० पौंड लावतो. जिंकल्यास १० पौंड नफा, हरल्यास १० पौंड तोटा. हजार पैजांत त्याने १०,००० पौंड लावले. पाच टक्के परतावा म्हणजे ५०० पौंड नफा. त्यासाठी ५२५ पैजा जिंकाव्या आणि ४७५ हराव्या लागतात. रोज तीन पैजा लावल्या तरी याला अकरा महिने लागतात. प्रत्येक पैजेच्या अभ्यासाला वीस मिनिटे धरली, तर श्रमाचे मोल तासाला दीड पौंड पडते.

हे ५०० पौंडही हमखास नाहीत. अशा हजार पैजांत केवळ नशिबाने होणारा चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, सुमारे ३१६ पौंडांचा असतो. म्हणून ज्याचे कौशल्य खरोखरच पाच टक्क्यांचे आहे, असा माणूसही अठरांत सुमारे एकदा हजार पैजांअखेर तोट्यात असू शकतो. उलट, ज्याच्याकडे कौशल्य मुळीच नाही आणि ज्याच्या पैजा फक्त समसमान आहेत, असा माणूसही सतरांत सुमारे एकदा ५०० पौंड किंवा अधिक कमावू शकतो. तेव्हा अनेक अंदाजकारांपैकी एकाच यशस्वी माणसाची हजार पैजांची नोंद दाखवली, तर ती कौशल्याचा पुरावा ठरत नाही.

मग रक्कम दहापट का वाढवू नये? नफ्याबरोबर चढउतारही दहापट होतो. शिवाय सातत्याने जिंकणाऱ्याच्या पैजेची मर्यादा अनेक बुकी खाली आणतात.

भारतात गणित आणखी प्रतिकूल आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आणली. घोड्यांच्या शर्यतीवर मैदानात कायदेशीर पैज लावता येते. पण जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. वरचाच हिशेब १०० रुपयांच्या पैजेने मांडू. जिंकलेल्या पैजांचा नफा ५२,५०० रुपये, हरलेले ४७,५०० रुपये. प्रत्यक्ष शिल्लक ५,००० रुपये. कर मात्र ५२,५०० रुपयांवर, म्हणजे १५,७५० रुपये; उपकर वेगळाच. कर नियमाप्रमाणे भरला, तर पाच टक्क्यांनी ‘जिंकणारा’ माणूस १०,७५० रुपये गमावून बसतो.