भाडेकरार नाही, म्हणून हक्कही नाही?

शहरात खोली शोधताना आपल्या मुलांना दोन अडचणी येतात. आडनाव ऐकून खोली नाकारली जाते आणि मिळालीच तर "कागद कशाला, विश्वास आहे ना" असे ऐकवले जाते. वर्षभराने तोच मालक म्हणतो, "हा पाहुणा म्हणून राहत होता."

तोंडी भाडेकरू कायद्याच्या बाहेर नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो केला नाही, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते; ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. मात्र आधी आपण भाडेकरू आहोत हे भाडेकरूलाच दाखवावे लागते. बहुतेक जण इथेच अडकतात.

समजा, छत्रपती संभाजीनगरमध्ये एक विद्यार्थी दरमहा 4,000 रुपये रोख देतो. वाद झाल्यावर तो आधार आणि गॅसचे पुस्तक पुढे करतो. त्यातून तो तिथे राहतो एवढेच दिसते. नातेवाईक किंवा राखणदारसुद्धा तिथे राहू शकतो. भाडेकरू ठरतो तो भाड्यामुळे. म्हणून त्याच विद्यार्थ्याने दर महिन्याला यूपीआयने पैसे पाठवून शेऱ्यात 'जून भाडे' लिहिले असते, तर सहा महिन्यांत सहा पुरावे जमले असते. रोखच द्यावे लागत असेल तर पावती मागावी. ती देणे कलम 26 नुसार मालकावर बंधनकारक आहे. पावती नाकारली तर 'चार हजार दिले, दादा' एवढा व्हॉट्सॲप निरोप टाकावा. त्यावर मालकाचे 'ठीक आहे' आले, तर तेही कामाचे. भाडे घ्यायलाच नकार दिला तर मनिऑर्डर करावी आणि 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आलेली पावती जपावी. थकबाकीचा आरोप पुढे येतो तेव्हा हीच पावती आधार देते.

थकबाकी असली तरी मालकाला लगेच बाहेर काढता येत नाही. लेखी मागणीच्या नोटिशीनंतर 90 दिवस गेल्याशिवाय त्या कारणासाठी दावा लावता येत नाही. पाणी किंवा वीज तोडली तर कलम 29 खाली न्यायालय ती पुन्हा जोडायला लावू शकते. मात्र हे संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या शहरांना आहे, प्रत्येक खेड्याला नाही. आणि लिव्ह अँड लायसन्सवर सही केली असेल तर हा मार्ग बहुधा बंद. तो लेखी करारच निर्णायक पुरावा ठरतो. सही करण्याआधी कागदाचे शीर्षक वाचा.

कुलूप बदलून सामान रस्त्यावर टाकले, तर पोलीस बहुधा "दिवाणी मामला आहे" म्हणतात. तरी तक्रार लेखी द्या, पोच घ्या, सामानाचे फोटो काढा. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली ताबा परत मागताना मालकी कोणाची हे पाहिले जात नाही, कायदेशीर मार्ग सोडून बाहेर काढले का एवढेच पाहिले जाते. त्यासाठी मुदत फक्त 6 महिने आहे, बाहेर काढल्याच्या दिवसापासून.