तीस वर्षांचा रोखा एवढा शांत कसा?

फायनल इयरच्या प्रोजेक्टला मी वासिचेकचं १९७७ चं मॉडेल घेतलं होतं. उत्तर आलं की व्याजदराला धक्का बसला तर तीस वर्षांचा रोखा दहा वर्षांच्या रोख्यापेक्षा जेमतेम जास्त हलतो. मी खूष! सरांनी एवढंच विचारलं, "बाजारात असं दिसतं का रे?" चूक फॉर्म्युल्यात नव्हती, a या एका आकड्यात होती.

मॉडेल सोपं आहे. अल्पमुदतीचा दर r सरासरी पातळी b पासून लांब गेला की तो परत ओढला जातो:

dr = a(b − r)dt + σ dW

आपण इंजिनिअर, तेव्हा कपॅसिटरचं डिस्चार्जिंग आठवा. a = ०.२ म्हणजे टाइम कॉन्स्टंट ५ वर्षं. आज दर १ टक्का उडाला तर साडेतीन वर्षांनी त्यातला अर्धाच उरतो.

मध्ये व्याज न देणाऱ्या रोख्याची किंमत पुढच्या सगळ्या दरांच्या बेरजेवर ठरते. म्हणून विरत जाणाऱ्या धक्क्याखालचं क्षेत्रफळ काढायचं:

B(T) = (1 − e^(−aT))/a

किंमत होते P = A·e^(−B·r). दहा वर्षांना B येतो ४.३२, तीस वर्षांना ४.९९. म्हणजे १ टक्क्याच्या धक्क्याने पहिला रोखा सुमारे सव्वाचार टक्के पडतो, दुसरा पाचाच्याही आत. परताव्याची अस्थिरता σB/T. σ एक टक्का धरला तर एका वर्षाला ०.९१, दहाला ०.४३, तीसला फक्त ०.१७ टक्के. हा उतार सगळा a ने ठरवलेला.

आता a = ०.०५ घ्या. तोच तीस वर्षांचा रोखा १४ टक्के पडतो!

मग a आणायचा कुठून? मी पाच वर्षांच्या रोजच्या नोंदींवर रिग्रेशन केलं. हजारावर आकडे, त्यामुळे भरवसा वाटला. पण अर्धा धक्का विरायलाच साडेतीन वर्षं लागत असतील, तर पाच वर्षांत परतीचा प्रवास दिसणार किती? रोजच्याऐवजी तासाचे आकडे घेऊनही काही साधत नाही, काळच लांब हवा. शिवाय तोकड्या काळातला a बहुधा खऱ्यापेक्षा मोठा निघतो, आणि लांबचा रोखा खोटाच शांत दिसतो.

या मॉडेलमध्ये दर शून्याखाली जातो म्हणून त्याला नावं ठेवली जायची. २०१४ मध्ये युरोपात आणि २०१६ मध्ये जपानात ते प्रत्यक्षात घडलं. माझ्या मते खरी भीती a ची आहे. तेव्हा मॉडेल बसवलंत की एक, दहा आणि तीस वर्षांची σB/T काढा आणि बाजारातल्या परताव्यांच्या हालचालीशेजारी मांडा. मॉडेलचा उतार फार तीव्र निघाला तर a मोठा आहे. दोन्ही टोकं एका a मध्ये बसतच नसतील, तर एकच घटक पुरत नाही असं रिपोर्टमध्ये सरळ लिहा. मी व्हायवाच्या आदल्या रात्री तेच लिहिलं.