विश्लेषण : शाकाहारी हौशी धावपटूंना प्रोटीन पावडर लागतेच का?

अर्धमॅरेथॉनची तयारी सुरू केली, की जिममध्ये पहिला सल्ला मिळतो तो पावडरच्या डब्याचा. शाकाहारी व्यक्तीला तर तो हमखास मिळतो. पण रोजच्या जेवणातून नेमके किती प्रोटीन मिळते आणि किती कमी पडते?

गरज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन १.२ ते २ ग्रॅमची शिफारस करते. आठवड्यातून चार-पाच दिवस धावणाऱ्या हौशी धावपटूला साधारण १.२ ते १.४ ग्रॅम पुरतात. म्हणजे ६० किलो वजनाला ७२ ते ८४ ग्रॅम.

जेवणातून किती मिळते?

सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि चहा यांतून सुमारे १० ग्रॅम मिळतात. दुपारच्या तीन पोळ्या, वाटीभर आमटी आणि भाजीतून १८, संध्याकाळच्या चहा-बिस्किटांतून ३, तर रात्री दोन पोळ्या, भात, आमटी आणि भाजीतून १७. बेरीज ४८ ग्रॅम. कमी पडतात २४ ते ३६ ग्रॅम.

गोंधळ होतो तो डाळीच्या हिशेबात. १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असते, पण ते कोरड्या डाळीत. वाटीभर आमटीत डाळ जेमतेम २५ ग्रॅम असते, बाकी पाणी. त्यामुळे वाटीतून हाती लागतात पाच-साडेपाच ग्रॅम.

तूट कशी भरायची?

याच जेवणात एक पेला दूध (८ ग्रॅम), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (९ ग्रॅम) आणि ३० ग्रॅम सोया चंक्स (१५ ग्रॅम) वाढवले, तर ३२ ग्रॅमची भर पडते. बेरीज होते ८०. सोया नको असेल तर ५० ग्रॅम पनीर आणि मूठभर शेंगदाणे घेता येतात. गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळी-कडधान्यांतून मिळते. दोन्ही एकाच ताटात हवेत असे नाही, दिवसभरात मिळाले तरी चालते.

मग पावडर कुणाला?

दूध आणि सोया दोन्ही चालत नसेल किंवा मेसच्या जेवणात बदल शक्य नसेल, तर पावडरचा एक चमचा (साधारण २४ ग्रॅम प्रोटीन) सोयीचा ठरतो. सोय म्हणून ठीक, पण ती गरज नव्हे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी पावडर टाळण्याचा सल्ला आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावेच.

शाकाहारींनी खरे लक्ष द्यावे ते बी-१२ कडे. हे जीवनसत्त्व डाळी-भाज्यांतून मिळत नाही. दूध-दही कमी खाणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. दूधही न घेणाऱ्यांना मात्र बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ घ्यावेच लागतात.